खांद्यावरचं दुपटं आणि फरशीवरचं फडकं

"आधी गुळणी पुसायला खांद्यावरचं दुपटं पुरायचं डॉक्टर, आता फरशी पुसायला फडकं घ्यावं लागतंय."

धायरीहून आलेल्या एका आजींनी दवाखान्यात बसता बसता हे वाक्य टाकलं आणि माझं निम्मं काम करून टाकलं. मांडीवर त्यांचा नातू, वय छत्तीस दिवस. शेजारी त्याची आई, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दोघींच्या डोळ्यांवर झोपेची तार. बाळ मात्र टक्क जागं होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं.

त्या दुपट्याचं आणि फडक्याचं काय ते आधी सांगतो. लहान बाळ दूध काढतं, यात काही नवल नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप या वयात सैल असते, बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवं असतं, आहार सगळा पातळ आणि दुधासोबत हवाही गिळलेली. ढेकर काढताना हवा वर येते, तिच्याबरोबर घोटभर दूध ओठांच्या कडेनं ओघळतं. यालाच आपण गुळणी म्हणतो. बाळाला त्याचा पत्ताही नसतो. पोट आवळत नाही, तोंड वेडंवाकडं होत नाही. अशा गुळण्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतात, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वात जास्त होतात आणि बाळ बसायला, उभं राहायला लागलं की वर्षाच्या आत बहुतेकांच्या थांबतात.

आता आयांना वाटतं की बाळानं पाजलेलं सगळंच काढलं. एकदा करून बघा: चहाच्या चमच्यानं दोन चमचे दूध कोरड्या दुपट्यावर ओता. दहाच मिली असतं, पण डाग असा पसरतो की अख्खं दूध गेलं असं वाटावं. फाटलेलं, दह्यासारखं दूध बाहेर आलं तर "दूध बाधलं" म्हणून घाबरतात, तेही उगीच. जठरातल्या आम्लानं दूध फाटतंच. ते फाटलेलं दिसलं याचा अर्थ इतकाच की ते काही वेळ जठरात राहून परत आलं.

म्हणजे किती आलं आणि फाटलेलं होतं की नाही, यावरून गुळणी आणि आजार वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे होतात तीन गोष्टींवरून: दूध कुठवर उडतं, बाळ त्यानंतर काय करतं आणि वजनाचं काय होतंय.

आजींच्या नातवाचं असं झालं होतं. तीन आठवडे सगळं ठीक. मग दिवसातून एखादी मोठी उलटी. चार दिवसांनी दोन-तीन. पाचव्या आठवड्यात प्रत्येक पाजण्यानंतर. आईच्या खांद्यावरून पिचकारीसारखी धार जायची ती थेट पलंगाच्या पलीकडे फरशीवर. रंग पांढरा, कधी फाटलेलं, आंबूस वास. हिरवं कधीच नाही. आणि उलटी झाली की पाच मिनिटांत बाळ पुन्हा छातीशी तोंड घासायला लागायचं. घरात म्हणत होते, "भूक आहे ना, मग दुखणं कसलं?" आजींनी दृष्ट काढून झाली होती, ग्राइप वॉटर पाजून झालं होतं. औषधाच्या दुकानातून आणलेले उलटीचे थेंबही चार दिवस चालू होते.

उलटीनंतरची ही भूक घरच्यांना धीर देते. मला मात्र तिचीच भीती वाटते. पोटाच्या संसर्गानं किंवा तापानं उलट्या होणारं बाळ मलूल होतं, दूध नको म्हणतं. हे बाळ उलटी करून लगेच हपापून पितं, कारण त्याच्या पोटात बिघाड नाही, पोटाच्या दाराशी आहे. दूध जठरात जातं आणि तिथंच अडतं. आतड्यात काही पोचतच नाही, म्हणून बाळ खरोखरच उपाशी असतं.

जठराच्या शेवटी, आतडं सुरू होण्याआधी, स्नायूचं एक गोल कडं असतं. त्याला पायलोरस म्हणतात. ते उघडतं तेव्हा जठरातला माल थोडा थोडा पुढे सरकतो. काही बाळांत जन्मानंतरच्या आठवड्यांत हा स्नायू जाड होत जातो, वाट लांब आणि अरुंद होत जाते. यालाच पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. जन्मतः वाट मोकळी असते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काहीच जाणवत नाही. स्नायू रोज थोडा जाड होतो, म्हणून उलट्याही रोज थोड्या वाढतात. आणि जठर बंद दारावर जोरानं धडका देत राहतं. तो जोर पुढे जाऊ शकला नाही की मागे फिरतो आणि दुधाची धार उडते. या आजारात धार उडते ती या जोरामुळे. बाळानं किती दूध प्यायलं यावर ती अवलंबून नसते.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे उघडकीला येतं. बारा आठवड्यांनंतर नव्यानं सुरू होणं फारच विरळा. मुलग्यांमध्ये मुलींच्या चार-पाच पट, पहिल्या बाळात जास्त, आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी झालं असेल तर शक्यता आणखी वाढते. पहिल्या दोन आठवड्यांत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या बाळांतही धोका वाढलेला आढळतो. नेमका स्नायू का वाढतो याचं एकच एक उत्तर नाही. पण आईनं काय खाल्लं, शेक-शेगडी नीट झाली की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा घरात बाळंतिणीच्या ताटातली एकेक भाजी गायब होत गेलेली मी पाहिली आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण. तिसरा ते सहावा आठवडा म्हणजे नेमका आपला सव्वा महिना. बाळाला बाहेर काढायचं नाही, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. दवाखान्यातून घरी आल्यानंतर लस पडते ती थेट सहा आठवड्यांची, आणि वजनकाटा दिसतो तोही तेव्हाच. मधल्या दिवसांत बाळ रोज डोळ्यासमोर असतं, त्यामुळे हळूहळू उतरणारं वजन घरातल्या कुणालाच दिसत नाही. सव्वा महिना पाळू नका असं मी म्हणत नाही. विश्रांती आणि संसर्गापासून बचाव या दृष्टीनं त्यात शहाणपण आहे. पण वजन करायला एकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाळाला बाहेर काढा. रिक्षात वीस मिनिटं, बस.

या बाळाचं तेवढं तरी झालं होतं. माता-बाल कार्डावर आकडे होते. जन्मवजन २९०० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून काढतं, तसं चौदाव्या दिवशी २९५०. चोविसाव्या दिवशी कावीळ बघायला म्हणून आणलं होतं तेव्हा ३२२०. आणि आज, छत्तिसाव्या दिवशी, उघडं करून काट्यावर ठेवलं तर ३१४०.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. मधले बारा दिवस, पंचवीसच्या हिशेबानं तीनशे ग्रॅम. म्हणजे आज ते ३५०० च्या आसपास असायला हवं होतं. ते तर नाहीच, उलट होतं त्यातलेही ऐंशी ग्रॅम गेले होते. नुसत्या गुळण्या टाकणाऱ्या बाळाचं असं होत नाही. दुपट्यावर दुपटी भिजवूनही त्याचा काटा वर जात राहतो. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करा; ओला लंगोट आणि झबलं मिळून शंभरेक ग्रॅमचा घोटाळा सहज करतात.

याच्या उलटही घडतं, तेही सांगून टाकतो. बाटलीनं पिणारं एक बाळ आणलं होतं, उलट्या अशाच धार मारून. वजन दिवसाला पन्नास ग्रॅमनं वाढत होतं! रडलं की बाटली, असं चाललं होतं. जठर भरून वाहत होतं. बाटली मापात आणली, प्रश्न मिटला. धडधाकट बाळसुद्धा पोट तुडुंब भरल्यावर किंवा हवा अडकल्यावर एखादवेळी लांब धार मारतं. एका उलटीनं घाबरायचं नाही. प्रत्येक पाजण्यानंतर आणि दिवसागणिक वाढत जाणारी, ती महत्त्वाची.

मी आईला तिथंच पाजायला सांगितलं. बाळ असं प्यायलं की जणू दोन दिवसांचा उपास. मग त्याला आडवं झोपवून पोट उघडं केलं, खोलीतला दिवा बंद करून खिडकीच्या बाजूनं तिरका प्रकाश घेतला आणि बघत बसलो. तीन-चार मिनिटांनी डाव्या बरगडीखाली लिंबाएवढा फुगवटा उठला, हळूहळू बेंबीच्या वरून उजवीकडे सरकत गेला आणि विरला. मागोमाग दुसरा. चादरीखालून चेंडू सरकावा तसं. तान्ह्या बाळात जठराची ही धडपड कातडीवरून दिसते ती बहुधा याच आजारात, आणि एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. आठव्या मिनिटाला धार उडाली ती टेबलावरून थेट माझ्या वजनकाट्यावर. पोट रिकामं झालं, ढिलं पडलं, तेव्हा उजव्या बाजूला बोटांना ऑलिव्हच्या फळाएवढी, लहान बोराएवढी म्हणा ना, टणक गाठ लागली. तोच तो स्नायू. पूर्वी निदान या गाठीवरच व्हायचं. आता बाळं लवकर येतात, गाठ लहान असते आणि बोटांची सवयही कमी झाली आहे, म्हणून ती लागली नाही तरी आजार नाही असं कुणी म्हणू नये.

खात्री सोनोग्राफीनं होते. किरण नाहीत, भूल नाही. तपासताना बाळाला थोडं दूध किंवा पाणी पाजतात आणि ते पायलोरसमधून पुढे जातंय का ते प्रत्यक्ष बघतात. स्नायूची जाडी तीन मिलिमीटर किंवा जास्त आणि वाटेची लांबी पंधराच्या पुढे असेल तर निदान पक्कं. या बाळाची जाडी ४.६ होती, लांबी १९. मात्र फार लवकर, तिसऱ्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी काठावरची येऊ शकते. उलट्या वाढतच असतील तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसू नये, दोन दिवसांनी पुन्हा करावी.

यानंतर घरच्यांचा सर्वात जास्त गैरसमज होतो तो टप्पा येतो. ऑपरेशन लागणार हे कळलं, बाळाला मोठ्या रुग्णालयात भरती केलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आज नाही, परवा करू." बाळाचे वडील हडपसरहून धावत आलेले, त्यांनी मला फोनवर जवळजवळ झापलंच. "निदान झालंय तर थांबलेत कशाला? बाळ उपाशी आहे!"

कारण असं. ही बाळं नुसतं दूध ओकत नाहीत, जठरातलं आम्लही ओकतात. ते आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते बाहेर गेलं की शरीरातलं क्लोराईड कमी होतं आणि रक्त क्षारधर्मी होऊ लागतं. या बाळाचं क्लोराईड होतं ८६, साधारण शंभराच्या आसपास असायला हवं. रक्तातलं बायकार्बोनेट ३४, जे चोवीस-पंचवीसच्या घरात असतं. पोटॅशियमही उतरलेलं. आता मेंदूतलं श्वासाचं केंद्र चालतं ते रक्तातल्या आम्लतेच्या इशाऱ्यावर. रक्त क्षारधर्मी झालं की तो इशारा मंदावतो. अशा अवस्थेत भूल दिली तर ऑपरेशन छान होईल, पण नंतर बाळ श्वास घ्यायचं विसरू शकतं. म्हणून आधी क्षार जाग्यावर आणायचे. पायलोरिक स्टेनोसिसचं ऑपरेशन तातडीचं नाही. सलाईन तातडीचं आहे.

भरती झाल्यावर बाळाला आधी किलोमागे वीस मिलीच्या हिशेबानं साठेक मिली सलाईन गेलं. मग ग्लुकोज आणि मीठ असलेलं सलाईन सावकाश सुरू झालं. लघवी झाल्याची खात्री पटल्यावरच त्यात पोटॅशियम घातलं. मूत्रपिंड काम करत नसताना पोटॅशियम देणं धोक्याचं. तोंडानं दूध बंद. दर काही तासांनी रक्त तपासून छत्तीस तासांनी क्लोराईड १०२ आणि बायकार्बोनेट २५ वर आलं, तेव्हा भूलतज्ज्ञांनी होकार दिला. वडिलांना हे आकडे कागदावर लिहून दाखवले तेव्हा ते शांत झाले. आधीच दाखवायला हवे होते, चूक आमची.

ऑपरेशन तसं लहान. भूल देण्याआधी नळीनं जठर रिकामं करतात, म्हणजे उलटी होऊन छातीत जाणार नाही. बेंबीच्या कडेनं किंवा दुर्बिणीनं आत जाऊन जाड झालेल्या स्नायूवर लांबीच्या दिशेनं चीर देतात आणि तो फाकवतात. आतलं अस्तर शाबूत ठेवायचं, कौशल्य सगळं तिथं. चीर शिवत नाहीत. ही पद्धत कॉनराड रामस्टेट या जर्मन शल्यचिकित्सकानं १९१२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीमागे एक अपघात आहे: कापलेला स्नायू आडवा शिवायचा त्याचा बेत होता, पण टाके स्नायूतून कापत निघाले, म्हणून त्यानं तो तसाच उघडा सोडला. बाळ बरं झालं. पुढच्या बाळात त्यानं शिवलंच नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी आजही तेच करतात. काही देशांत, विशेषतः जपानमध्ये, अ‍ॅट्रोपिन हे औषध देऊनही उपचार करतात, पण त्याला आठवडे लागतात आणि सगळ्यांना लागू पडत नाही.

थेंबांबद्दल बोलायचं राहिलं. उलटी थांबवणारी काही औषधं जठराला जोरात आकुंचन पावायला लावतात. दार बंद असताना आतल्याला आणखी ढकलून काय होणार? आजार तसाच राहतो आणि चार-पाच दिवस फुकट जातात. तेवढ्यात दिवसाला सहा-सात भिजणारे लंगोट तीनवर येतात, शी चार दिवसांतून एकदा आणि चिमूटभर, टाळू खोल जाते, कपाळाला आठ्या पडून बाळ म्हाताऱ्यासारखं दिसायला लागतं. लंगोट मोजायची सवय असलेल्या घरात हे लवकर कळतं.

आणि रंग बघा. पित्त आतड्यात येतं ते पायलोरसच्या पुढे. दार बंद असेल तर पित्त मागे जठरात येऊच शकत नाही, म्हणून या आजारात उलटी हिरवी नसते. ज्या तान्ह्या बाळाची उलटी हिरवी, पालकाच्या रसासारखी आहे त्याचा अडथळा आणखी खाली आहे, आणि त्यात आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. पीळ पडलेलं आतडं काही तासांत काळं पडतं. तिथे धार उडते की ओघळते हे बघत बसू नका, एकदाच झाली तरी रात्री दोनला रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८. तीन महिन्यांखालच्या बाळाला उलट्यांबरोबर ताप असेल, बाळ उठवूनही नीट उठत नसेल, टाळू फुगलेली असेल किंवा सहा-आठ तासांत लंगोट भिजला नसेल, तरी तसंच.

पुन्हा पुन्हा उडणाऱ्या पांढऱ्या धारेसाठी मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. जाताना कार्ड न्या आणि मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या. नुसत्या उलटीचा नको. पाजायला सुरुवात केल्यापासून धार उडेपर्यंत आणि त्यानंतरची पाच मिनिटं. दवाखान्यात बाळ हटकून शहाण्यासारखं वागतं, आणि "फार उलट्या होतात हो" या वाक्यावरून मला गुळणी आणि धार यातला फरक कळत नाही.

ऑपरेशननंतर सहा तासांनी बाळाला पुन्हा छातीला लावलं. पहिल्या दिवशी दोनदा उलटी झाली आणि घर पुन्हा हादरलं. ऑपरेशन फसलं का? सुजलेलं जठर एक-दोन दिवस कुरकुर करतंच. बहुतेक बाळांत हे होतं आणि आपोआप थांबतं. आठवडाभर चालूच राहिलं तर स्नायू पुरता फाकला गेला नसेल का, हे बघावं लागतं. लगेच सोनोग्राफी करून उपयोग नसतो, कारण वाट मोकळी झाली तरी स्नायू काही आठवडे जाडच दिसतो. ताप, फुगलेलं पोट आणि सतत रडणं असेल तर मात्र अस्तराला भोक पडल्याची शंका घेऊन लगेच शल्यचिकित्सकांना दाखवायचं.

आजींनी रुग्णालयातून फोन केला. "डॉक्टर, परत काढलं हो त्यानं."

मी विचारलं, "दुपट्यावर की फरशीवर?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "दुपट्यावर."

दोन दिवसांनी घरी सोडलं. चोपन्नाव्या दिवशी बाळ माझ्याकडे आलं तेव्हा वजन ३७०० होतं, आणि उशीर झालेल्या सहा आठवड्यांच्या लशी त्याच दिवशी देऊन टाकल्या.